गुण सारखे, आजार वेगळा: मोठ्या माणसांतलं एडीएचडी कसं ओळखतात

यवतमाळ जिल्ह्यातली दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. एक अंगणवाडी सेविका, वय २९, तिला आपण सुनीता म्हणू. दुसरा कापूस-तूर घेणारा शेतकरी, वय ३८, त्याला गजानन म्हणू. अनेकांच्या हकिकती जुळवून ही दोन माणसं उभी केली आहेत, त्यामुळे त्यांच्यात खऱ्या कुणाला शोधू नका. दोघांचीही तक्रार एकच: लक्ष लागत नाही, कामं अर्धवट राहतात, सांगितलेलं विसरतं, जीव घाबरा होतो. मोठ्यांमधल्या एडीएचडीच्या चाळणीसाठी सहा प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. तिच्यात दोघांच्याही चार-चार उत्तरांवर खूण पडली. चार म्हणजे 'संशय घ्यावा' अशी पातळी. तरी सुनीताला एडीएचडी आहे आणि गजाननला नाही. हे कशावरून ठरलं, ते या लेखात सांगायचं आहे.

एडीएचडी हा मेंदूच्या वाढीशी जोडलेला विकार आहे. लक्ष टिकवणं, काम क्रमाने लावणं, हातपाय आणि मनाची घाई आवरणं या गोष्टी लहानपणापासूनच कमी पडतात. मोठेपणी चुळबुळ पुष्कळदा ओसरते, विसरभोळेपणा आणि अव्यवस्था मात्र मागे राहते. निदानासाठी डॉक्टर ज्या डीएसएम-५ या निकषसंग्रहाचा आधार घेतात, त्यात १७ वर्षं किंवा जास्त वयाच्या माणसासाठी अटी अशा आहेत: लक्ष न लागण्याच्या नऊ लक्षणांपैकी किंवा अतिचंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी निदान पाच लक्षणं हवीत. त्यातली अनेक वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत. घर, शाळा, काम यांपैकी निदान दोन ठिकाणी त्रास दिसायला हवा. आणि हे सगळं दुसऱ्या एखाद्या मानसिक आजाराने जास्त नीट उलगडत नसावं.

यातल्या शेवटच्या अटीपाशीच घोळ होतो. चिंतेच्या आजारात लक्ष लागत नाही, नैराश्यात लागत नाही, मन भलतंच चढलेलं असतं त्या उन्मादातही लागत नाही. आज, या घडीला माणूस कसा दिसतो एवढंच पाहिलं तर चौघं एका रांगेत बसतात. त्यांना वेगळं काढायचं तर 'हे केव्हापासून' हा प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याचं भरवशाचं उत्तर बहुतेक वेळा रुग्णाकडे नसतं. ते त्याला लहानपणी पाहिलेल्या माणसाकडे असतं.

आधी प्रश्नावलीकडे पाहू, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेल्या या प्रश्नावलीला एएसआरएस म्हणतात. पूर्ण प्रश्नावली १८ प्रश्नांची आहे, चाळणीसाठी पहिले सहा पुरतात. गेल्या सहा महिन्यांत अमुक गोष्ट किती वेळा झाली, याचं उत्तर 'कधीच नाही', 'क्वचित', 'कधीकधी', 'बरेचदा', 'नेहमी' यांतून निवडायचं. पहिल्या तीन प्रश्नांत 'कधीकधी' हे उत्तरसुद्धा धरलं जातं. पुढच्या तीनांत 'बरेचदा' किंवा त्याहून जास्त असेल तरच. सुनीताची उत्तरं अशी होती: कामाचा शेवटचा भाग पुरा करताना अडचण, कधीकधी. कामं क्रमाने लावताना अडचण, बरेचदा. ठरलेल्या गोष्टी लक्षात राहत नाहीत, बरेचदा. डोकं लावायचं काम पुढे ढकलणं, बरेचदा. बराच वेळ बसावं लागलं तर हातापायांची चुळबुळ, क्वचित. आतून मोटार लावल्यासारखं सतत काहीतरी करत राहणं, कधीच नाही. खुणा चार झाल्या.

ही चाळणी आहे, निदान नाही. अमेरिकेत लहानपणापासून वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या मुलांच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. लहानपणी एडीएचडी नसलेल्या, पण पुढे लक्षणांच्या यादीत पात्र ठरलेल्या तरुणांची त्यात बारकाईने तपासणी झाली. त्यांपैकी सुमारे ९५ टक्के जणांना 'उशिरा सुरू झालेलं एडीएचडी' हे नाव देता आलं नाही. कुणाला दुसरा मानसिक आजार होता, कुणाचा त्रास व्यसनापायी होता, कुणाच्या लक्षणांनी जगण्यात म्हणावी तशी अडचणच आणली नव्हती. मोबाइलवर प्रश्नावली भरून आलेला आकडा घेऊन जे येतात, त्यांना मी हेच सांगतो.

आमच्याकडे आणखी एक अडचण येते. ओपीडीत प्रश्न वाचून दाखवावे लागतात, आणि डॉक्टरसमोर 'हो जी' म्हणायची सवय असते. म्हणून प्रत्येक 'बरेचदा'च्या मागे मी एकच विचारतो, मागच्या पंधरवड्यात असं केव्हा झालं ते सांगा. सुनीताने थांबून न राहता सांगितलं: पोषण ट्रॅकर या ॲपवर मुलांची वजनं भरायची होती, सात मुलांची भरली, आठव्याची आई काही विचारायला आली, मग उरलेली वजनं राहिली ती राहिलीच. दोन दिवसांनी पर्यवेक्षिकेचा फोन आल्यावर आठवलं. असा प्रसंग हाती लागला की त्या उत्तराला वजन येतं. प्रसंग सांगताच येत नसेल, तर खूण असूनही मी ती कच्चीच धरतो.

तिच्या चिंतेचंही मोजमाप झालं. जीएडी-७ या सात प्रश्नांच्या मापात तिचे २१ पैकी १२ गुण आले. तिथे १० पासून पुढे मध्यम चिंता धरतात. नैराश्याच्या पीएचक्यू-९ मध्ये २७ पैकी ८ आले. नुसत्या बेरजा पाहिल्या तर निदान सरळ वाटतं, चिंतेचा आजार. सुनीताला आधी एका डॉक्टरांनी तोच सांगून गोळ्या दिल्या होत्या. काही महिने तिने त्या नीट घेतल्या. छातीतली धडधड कमी झाली, झोप सुधारली, पण विसरणं जसंच्या तसं राहिलं. हा फार कामाचा पुरावा आहे. लक्ष चिंतेमुळे उडत असेल, तर चिंता उतरल्यावर ते बऱ्यापैकी परत यायला हवं.

या मापांत प्रश्न एकमेकांवर चढतात, हेही ध्यानात ठेवावं लागतं. स्वस्थ बसवत नाही, चिडचिड होते, मन शांत होत नाही, हे जीएडी-७ मधले तीन प्रश्न एडीएचडीवाल्या माणसालाही लागू पडतात. पीएचक्यू-९ मध्ये वाचताना किंवा टीव्ही पाहताना लक्ष न लागण्याचा प्रश्न आहेच. म्हणून बेरजेवर न थांबता प्रश्न वेगवेगळे पाहायचे. काळजी थांबवता येत नाही, या प्रश्नाला सुनीताचा गुण फक्त १ होता. काहीतरी वाईट घडेल अशी भीती वाटते, या प्रश्नाला २. भीती कशाची, असं विचारल्यावर ती म्हणाली, "मीटिंगमधी मॅडम सगळ्यायसमोर बोलतीन म्हणून." ती भीती हवेतली नव्हती. मॅडम खरंच बोलत होत्या, कारण नोंदी खरंच राहत होत्या.

हा धागा धरून पुढे जाता येतं. चिंतेच्या आजारात माणूस चूक होईल म्हणून घाबरतो, पण चुका मोजायला गेलं तर फारशा सापडत नाहीत. कडी लावली का हे तो तीनदा पाहतो आणि तिन्ही वेळा कडी लागलेलीच असते. सुनीताही परत जाऊन पाहायची, पण तिला गॅस खरंच चालू सापडायचा, अंगणवाडीची किल्ली खरंच कुलपाला लटकलेली असायची. तिची चिंता चुकांच्या मागून आली होती. आणखी एक प्रश्न मी नेहमी विचारतो: लक्ष जातं तेव्हा ते जातं कुठे? चिंतेत ते एकाच काळजीच्या खुंट्याभोवती फिरतं, कर्ज, आजारपण, मुलीचं लग्न. सुनीताचं लक्ष खिडकीतल्या चिमणीकडे, शेजारणीच्या बोलण्याकडे, मग कालच्या भाजीकडे जायचं. दिवाळीत माहेरी चार दिवस कसलाही घोर नसतानाही तिने शेवेचं पीठ भिजवून झाकून ठेवलं आणि विसरली.

इथपर्यंतचं सगळं सुनीताच्याच तोंडचं होतं. आता दुसऱ्यांकडून घ्यायची माहिती.

तिच्यासोबत सासू आणि नवरा आले होते. सासूचं म्हणणं, "कामात मनच नाही हिचं. दूध ठेवते अन् भुलते." नवऱ्याने सांगितलं की बोलता बोलता ती दुसरीकडेच असते, तिला ऐकू आलं की नाही तेच कळत नाही. दोघांच्या सांगण्यातून आजच्या घडीचा घरातला त्रास पक्का झाला. पण दोघंही तिला लग्नानंतरच ओळखतात, म्हणजे गेली आठ वर्षं. बाराव्या वर्षाआधीचं त्यांना काहीच माहीत नाही. आपल्याकडे विवाहित बाईची तपासणी इथेच अडते, कारण तिच्यासोबत सासरची माणसं येतात आणि बालपणाची साक्ष माहेरी असते. ती साक्ष न घेता कुणी 'लहानपणी काही नव्हतं' असं लिहिलं, तर त्याचा अर्थ एवढाच की कुणी विचारलं नाही.

सुनीताची परवानगी घेऊन, सासूला बाहेर बसवून, वर्धा जिल्ह्यातल्या तिच्या आईला फोन लावला. परवानगीला फार महत्त्व आहे. मानसिक आजाराचा नुसता शब्द गावात फिरला तरी सुनेच्या वाट्याला काय येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कुणाला काय सांगायचं हे ठरवण्याचा हक्क तिचाच. आईला मी लक्षणांची यादी वाचून दाखवली नाही. यादी वाचली की माणसं समोरच्याला हवं ते उत्तर देतात. 'ती लहानपणी कशी होती, शाळेतून आल्यावर काय करायची' इथून सुरुवात केली.

"काय सांगू जी," आई म्हणाली, "शाळेतून कितीदा तं बिनचपलीची आली. मोठीले एकदा सांगतलं की काम होये, हिले चारदा सांगा लागे. बकऱ्या घिऊन गेली तं बकऱ्या लोकायच्या हरभऱ्यात अन् हे झाडाखाली."

यात दोन गोष्टी धरण्यासारख्या आहेत. पहिली, मोठ्या बहिणीशी केलेली तुलना. घर तेच, जेवण तेच, कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा बुडायची तीही दोघींची. तरी विसरायची एकटी धाकटी. घरात दारू, मारझोड, उपासमार किंवा आईचं आजारपण असेल तर मुलांचं लक्ष उडू शकतं, आणि तेही वरून एडीएचडीसारखंच दिसतं. म्हणून हे सगळं स्पष्टपणे विचारावं लागतं. इथे तसं काही नव्हतं, आणि बहिणीच्या वागण्याने ते आणखी पक्कं झालं.

दुसरी गोष्ट काळाची. आईला मुलीचं वय वर्षांत सांगता येत नाही, आणि 'लहानपणी' म्हणजे सहावं वर्षही असतं, पंधरावंही. त्यासाठी खुंट्या ठोकाव्या लागतात. गावची जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच होती, पाचवीपासून मुली दुसऱ्या गावी पायी जायच्या. चपला हरवायच्या त्या गावच्या शाळेत की पुढच्या? "गावातल्याच. पाटी बी तिथंच हारपे." म्हणजे चौथी किंवा त्याआधी, वय दहाच्या आतबाहेर. जन्मतारखेवर आणि वयावर शंका असली तर शाळेच्या नोंदवहीतून प्रवेशाची आणि दाखल्याची तारीख मिळू शकते. प्रगतिपुस्तक कुणी जपून ठेवलेलं नसतं, पण कधी सापडलं तर गुणांपेक्षा शेरा वाचावा.

सुनीताच्या चौथीच्या गुरुजींचा नंबर बहिणीकडून मिळाला. त्यांना आठवलं ते असं: मुलगी गरीब, त्रास काही नाही, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवली होती पण सराव पत्रिकेतले मधले प्रश्नच सोडून द्यायची, येत असूनही. इथे गुरुजींचा दोष नाही. जो मुलगा बाकावरून उड्या मारतो तो सगळ्यांच्या नजरेत भरतो, आणि गुपचूप खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगी 'शांत' ठरते. मुलींमधलं एडीएचडी पुष्कळदा याच कारणाने मोठेपणापर्यंत कुणाला दिसत नाही.

लहानपणासाठी डब्ल्यूयूआरएस नावाची २५ प्रश्नांची प्रश्नावलीही आहे. तीत मोठ्या माणसाने आपलं बालपण आठवून गुण द्यायचे असतात, आणि १०० पैकी ४६ किंवा जास्त आले तर संशय बळावतो. ती मी जपून वापरतो. आज मन खचलेलं असलं की माणसाला आपलं सगळं बालपणच वाईट आठवतं, आणि उलट एडीएचडी असलेल्या कित्येकांना आपल्या चुका आठवतच नाहीत. आईच्या साक्षीलाही मर्यादा असतात. 'आमच्या घरात सगळेच असे' असं म्हणून ती सोडून देऊ शकते. हा विकार घराण्यात उतरतो, त्यामुळे ते वाक्य उलट पुरावाही ठरू शकतं. रुग्ण आणि नातेवाईक यांचं म्हणणं पूर्ण जुळेल अशी अपेक्षाच नसते. नाही जुळलं तर कोण खरं हे न ठरवता, कुणी काय प्रत्यक्ष पाहिलं ते विचारत जायचं.

आता गजानन. त्याच्याही खुणा चार होत्या. आई सोबतच राहते, त्यामुळे साक्ष घरातच मिळाली. शाळेत तो नीटनेटका होता, दहावीला पहिल्या वर्गात पास. आणि त्याच्याकडे एक वही होती. बियाणं, खत, फवारणी, मजुरी, प्रत्येक हंगामाचा हिशेब त्याने स्वतःच्या हाताने लिहिला होता, तारखेसकट. दोन हंगामांपूर्वी बोंडअळीने कापूस गेला आणि सावकाराचं देणं उरलं. त्यानंतरची पानं आधी तुटक होत जातात, मग कोरी. आयुष्यभर व्यवस्था सांभाळलेल्या माणसाची व्यवस्था एका ठराविक काळात मोडली, हे त्या वहीत दिसत होतं. एडीएचडी अशा तारखेने सुरू होत नाही.

पीएचक्यू-९ मध्ये त्याचे गुण १८ आले. भजनात तो आवडीने पेटी वाजवायचा, तीही सुटली होती. हे नैराश्याचं वेगळेपण आहे. एडीएचडीवाल्याचं मन कंटाळवाण्या कामातून उडतं, पण आवडीच्या कामात इतकं गुंततं की जेवण राहतं. नैराश्यात आवड हीच विझते. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न जगण्यापेक्षा मेलेलं बरं वाटण्याचा किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. बेरीज करायच्या आधी मी तो पाहतो. त्यावर शून्याहून जास्त खूण असेल तर बाकीची तपासणी बाजूला ठेवून त्याच दिवशी विचारपूस आणि सोय करावी लागते. घरातली फवारणीची औषधं कुठे आहेत हा प्रश्न त्यातच येतो. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तो घरच्यांच्या फोनमध्ये असायला हवा. गजाननवर नैराश्याचे उपचार सुरू झाले, आणि लक्षाबद्दलचा प्रश्न मन सावरल्यावर पुन्हा पाहायचं ठरलं.

द्विध्रुवी विकार वेगळा काढणं त्या मानाने सोपं, फक्त विचारायला विसरू नये. या विकारात उन्मादाचे झटके येतात आणि जातात. काही दिवस माणूस तीन तास झोपूनही ताजातवाना, बडबड वाढलेली, पैसा उधळलेला, आणि घरचे म्हणतात 'तेव्हा हा वेगळाच माणूस होता'. एडीएचडीत वेगळा माणूस कधी नसतोच, तो कायम तसाच असतो. ही शहानिशा राहिली आणि एडीएचडीची उत्तेजक औषधं सुरू झाली तर उन्माद उसळण्याचा धोका असतो. म्हणून कुटुंबात कुणाला असा त्रास आहे का हेही विचारतात. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी, झोप आणि घोरणं, दारू आणि खर्रा यांची चौकशी. सुनीताचं हिमोग्लोबिन थोडं कमी होतं. गोळ्या सुरू केल्या, पण चौथीपासूनचं विसरणं त्याने उलगडत नाही.

आता सगळं एकत्र मांडू. सुनीताकडे लक्ष न लागण्याच्या नऊपैकी सात लक्षणं आज आहेत, प्रत्येकाला एकेक प्रसंग जोडलेला. त्यांतली बरीचशी दहाव्या वर्षाच्या आसपास होती, असं आई आणि गुरुजी या दोघांनी एकमेकांशी न बोलता सांगितलं. शाळा, घर, काम तिन्हीकडे त्रास आहे, आणि मध्ये चांगला गेलेला मोठा काळ कुठेच नाही. चिंता आहे, पण ती अंगणवाडीची नोकरी लागल्यावर, नोंदींचा बोजा वाढल्यावर आली आणि औषधाने उतरली, तरी मूळ त्रास राहिला. म्हणून नोंद दोन आजारांची झाली: लक्ष न लागण्याच्या प्रकारचं एडीएचडी, आणि त्याच्यासोबत चिंता. मोठ्यांमध्ये हे दोन्ही एकत्र असणं मुळीच विरळ नाही. 'हे की ते' असा हट्ट धरला की एकाचा उपचार राहून जातो.

एडीएचडीची गोळी देऊन पाहू, लागू पडली तर तोच आजार, असं कुणी सुचवलं तर ते मानू नका. उत्तेजक औषधाने निरोगी माणसाचंही लक्ष काही काळ वाढतं, त्याने निदान सिद्ध होत नाही. ही औषधं मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात त्यासाठी जाता येतं. पहिल्या भेटीला जाताना बालपण पाहिलेलं एक माणूस सोबत न्यावं, ते जमत नसेल तर त्याचा फोन नंबर तरी. जुनी वही, दाखला, प्रगतिपुस्तक, आधी घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, जे हाती लागेल ते.

तीन महिन्यांनी सुनीताची तपासणी पुन्हा होईल. तेव्हा नवऱ्याला आधी विचारलेलेच प्रश्न पुन्हा विचारायचे आहेत, आणि पर्यवेक्षिकेलाही विचारायचं आहे, अर्थातच सुनीताची हरकत नसेल तरच. राहिलेल्या नोंदींची संख्या कमी झाली आणि त्यापाठोपाठ मीटिंगची धास्तीही उतरली, तर चिंता चुकांमागून आली होती हा अंदाज बरोबर ठरेल. नोंदी सुधारूनही धास्ती तशीच राहिली, किंवा मधल्या काळात झोप न लागता उत्साह चढलेले दिवस दिसले, तर निदानाचा कागद पुन्हा उघडावा लागेल.